देवगिरी चढताना : शेवटची बाई बसल्यावरच बोलायचं

आम्ही वडीगोद्रीच्या बाया. बचत गटात आहोत, पण आज कर्जाचं आणि हप्त्याचं बोलणार नाही. आज सांगणार आहोत ते आमच्या सहलीचं. सहल म्हणजे गाडीत बसून फिरून आलो, फोटो काढले असं नाही. आम्ही देवगिरीचा किल्ला, म्हणजे दौलताबाद, पायी बघितला. मुक्कामा-मुक्कामानं, गोष्टी ऐकत. आमचीच एक जण गोष्टी सांगणारी होती. हे कसं जमवलं, ते सविस्तर सांगतो. कारण त्याच्या आधी एकदा ते आम्हाला अजिबात जमलं नव्हतं.

आधी न जमलेलंच सांगतो. एप्रिल महिना होता. सोळा जणी निघालो. डबे भरायला उशीर, एकीची सून आजारी, गाडीवाला दोनदा फोन करून कंटाळला. किल्ल्याच्या दारात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन तापलं होतं. आत शिरल्यावर तरण्या पोरी भराभर पुढं निघून गेल्या, आम्ही मधल्या मागं, आणि म्हाताऱ्या त्याच्याही मागं. कोण कुठं आहे, कुणाला पत्ता नाही. पाण्याच्या बाटल्या पुढच्यांच्या पिशवीत. आमच्यातल्या एक मावशी, वय चौसष्ट, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, खंदकाच्या पुलापाशी मटकन खाली बसल्या. डोळ्यापुढं अंधारी आली. त्यांना सावलीत नेलं, दुसऱ्याच माणसांकडून पाणी मागून पाजलं. अर्ध्या तासानं बरं वाटलं. आम्ही तिथूनच परतलो. पुढं गेलेल्या पोरींना वर कुणी तरी निरोप दिला तेव्हा त्या खाली आल्या.

गाडीत कुणी बोलेना. मावशीच म्हणाल्या, "माझ्यामुळं सगळ्यांचं पाणी पडलं." तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, कारण चूक मावशींची नव्हती. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की वर जनार्दनस्वामींची गुहा आहे, एकनाथ महाराजांच्या गुरूंची. आपण पैठणला नाथषष्ठीला जातो, तर गुरूंची जागाही एकदा बघावी. मग आम्ही ठरवलं की परत जायचं, पण आधी नीट आखून. आणि आखायचं ते सर्वांत पुढं चालणारीच्या पायांवरून नाही, तर सर्वांत हळू चालणारीच्या पायांवरून.

पहिली गोष्ट महिना. डिसेंबर धरला. तुरीच्या काढणीआधीचे चार दिवस मोकळे होते आणि ऊन सोसण्यासारखं असतं. पावसाळ्यात तो डोंगर हिरवागार दिसतो, पण दगडी पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून तो नको म्हटलं. दिवस मधला, बुधवार, कारण रविवारी आणि सुटीच्या दिवशी तिथं शाळांच्या सहली असतात आणि अरुंद वाटेत अडकायला होतं. तिकीट, उघडण्याची वेळ आणि किल्ला चालू आहे ना, हे आदल्या आठवड्यात विचारून घेतलं. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडं आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, चाल मोजणं. हे कसं केलं ते सांगतो, कारण इथंच सगळी मेख आहे. निघायच्या महिनाभर आधी आम्ही अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला गेलो. ते देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या चढून जावं लागतं. तिथं सगळ्यांनी मावशींच्या चालीनं चढायचं ठरवलं आणि एकीनं मोबाइलवर वेळ लावली. खूण एकच ठेवली होती: चढताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता बोलता मधेच श्वासासाठी थांबावं लागलं, तर चाल जास्त आहे, कमी करायची. तशा चालीनं मावशी मिनिटाला पंचवीस पायऱ्या चढत होत्या. पंच्याहत्तर पायऱ्यांवर त्यांना उभं राहावंसं वाटायचं, आणि दोन मिनिटांत श्वास पुन्हा जागेवर यायचा.

आता हिशेब बघा. देवगिरीच्या माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या सांगतात आणि त्यातल्या बहुतेक खंदक ओलांडल्यावर आहेत. पंच्याहत्तर पायऱ्यांना तीन मिनिटं, थांबायला दोन मिनिटं, म्हणजे एका टप्प्याला पाच मिनिटं. असे दहा टप्पे, म्हणजे पन्नास मिनिटं. त्यात अंधाऱ्या वाटेतून ओळीनं जायला वीस मिनिटं आणि दोन मोठ्या विसाव्यांना अर्धा तास धरला. खंदकापासून माथा एक तास चाळीस मिनिटं. तरणी पोर हेच अंतर अर्ध्या-पाऊण तासात संपवील. पण तिचा हिशेब धरला की एप्रिलमध्ये झालं तेच होतं.

उतरायला निम्मा वेळ लागतो असं आपण समजतो. गुडघे दुखणाऱ्यांना विचारा. चढताना दम लागतो, पण उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो आणि पायरी उंच असली की पाय थरथरतो. म्हणून उतरायला आम्ही दीड तास ठेवला. आणि सर्वांत महत्त्वाचं, वळायची वेळ ठरवली: दुपारी एक. एक वाजता जी जिथं असेल तिथून ती खाली वळणार, मग माथा दहा पायऱ्यांवर असला तरी. हे गाडीत बसायच्या आधी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. वर गेल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून ते खालीच ठरवायचं.

तिसरी गोष्ट, ओळ कशी लावायची. अठरा जणी होतो. पुढं एक चालणारी, तिच्या मागं लगेच मावशी, मग बाकीच्या, आणि सर्वांत शेवटी एक शेपटाची बाई. तिच्या मागं कुणी राहायचं नाही. हळू चालणारी दुसऱ्या नंबरावर असली की पुढचीला तिचा श्वास ऐकू येतो आणि सगळी ओळ आपोआप तिच्या चालीनं चालते. हीच बाई शेवटी ठेवली तर काय होतं? ती धापा टाकत विसाव्यापाशी पोचते, तोवर पुढच्यांचा विसावा झालेला असतो, त्या उठतात. म्हणजे जिला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, तिलाच तो मिळत नाही. एप्रिलमध्ये नेमकं हेच झालं होतं. शिवाय दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. मोजायचं झालं की अठरा डोकी मोजायची नाहीत, "जोडीदारीण आहे का?" एवढंच विचारायचं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. प्रत्येकीचं पाणी तिच्याजवळ, दोन लिटर. लिंबू, मीठ, साखर घालून केलेलं सरबत वेगळं. गूळ-शेंगदाणे. ज्यांना रक्तदाबाची, साखरेची गोळी आहे त्यांनी ती सकाळी खाऊनच घ्यायची, आणि पुढची मात्रा कमरेच्या पिशवीत. सपाता किंवा बूट, मागं पट्टा असलेले. अंगठ्याची चप्पल नको. साडी घोट्याच्या वर खोचलेली. खाणं उघड्या हातात किंवा पातळ पिशवीत धरायचं नाही, तिथं माकडं आहेत आणि ती पिशवी हिसकावतात. उग्र वासाचं तेल-अत्तर नको, धूर नको, कारण कड्याकपारीत आग्या मोहळ असू शकतं. आणि शौचालय खाली दारापाशीच उरकून घ्यायचं. वर सोय नाही, म्हणून बाया पाणी प्यायचं टाळतात आणि मग चक्कर येते. आम्ही त्यावर उघड बोललो. खाली सगळ्या जाऊन आल्याशिवाय ओळ हलणार नाही, आणि वर पाणी घोट-घोट प्यायचंच, असं ठरलं.

आता गोष्टी सांगण्याचं. आमच्यातली एक जण आशाताई आहे, बोलायला धीट. तिला आम्ही वाटाडी केलं. तिनं पोस्टकार्डाएवढे सात कागद केले, एका थांब्याला एक. प्रत्येक कागदावर तीनच गोष्टी: इथं डोळ्यांना काय दिसतं, इथं काय घडलं, आणि ऐकणाऱ्यांना एक प्रश्न. चार मिनिटांच्या वर बोलायचं नाही. चालता चालता बोलायचं नाही, कारण मागच्यांना ऐकू जात नाही आणि पुढच्यांचा पाय चुकतो. आणि शेवटची बाई येऊन बसल्यावरच पहिलं वाक्य. ऐकणाऱ्या सावलीत, सांगणारी उन्हाकडं तोंड करून. कागदावर एक खूण होती: इतिहासात नोंद असलेल्या गोष्टीखाली सरळ रेघ, आणि लोक सांगतात त्या कथेखाली नागमोडी रेघ. कथा सांगायला हरकत नाही, पण "असं सांगतात" म्हणून सांगायची.

आता चला, तुम्हालाही घेऊन जातो.

पहाटे साडेपाचला वडीगोद्रीतून निघालो. पाचोड, आडूळ करत छत्रपती संभाजीनगर, आणि पुढं दौलताबाद. साडेआठला दारात. चहा-भाकरी, शौचालय, तिकीट. नऊला ओळ लागली.

पहिला थांबा पहिल्याच दरवाजांच्या आत. दिसतं काय? लाकडी दारांवर माणसाच्या डोक्याच्या वर लोखंडी खिळे, टोकदार. ते हत्तीसाठी. हत्ती कपाळानं धडक देऊन दार फोडायचा, म्हणून खिळे त्याच्या कपाळाच्या उंचीला. आणि वाट सरळ नाही, दरवाजातून शिरलं की वळण, मग पुन्हा दरवाजा. वळणामुळं हत्तीला धाव घेता येत नाही आणि शत्रू चौकात कोंडला जातो. इथं ताईनं यादवांचं सांगितलं. पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली. आपली मराठी ज्या काळात ग्रंथांत उतरली तो हा काळ. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली तेव्हा इथं रामचंद्रदेव यादव राज्य करत होता, आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी त्याचं नाव येतं. महदंबा, जिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात, तीही याच यादवकाळातली. तिचे धवळे म्हणजे लग्नाची गाणी. ताईचा प्रश्न होता, "तुमच्या आईला लग्नातली किती गाणी यायची आणि तुम्हाला किती येतात?" त्या प्रश्नावरच पाच मिनिटं गेली, पण कुणाची तक्रार नव्हती.

दुसरा थांबा मोठ्या हौदापाशी, त्याला हत्ती हौद म्हणतात. एवढा मोठा की आपल्या गावातल्या चार-पाच विहिरींचं पाणी त्यात मावेल असं वाटतं. इथं सावलीला वीस मिनिटं. शेजारीच भारतमातेचं देऊळ आहे. ही वास्तू चौदाव्या शतकात मशीद म्हणून उभी राहिली, तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरले आहेत, आणि हैदराबाद संस्थान 1948 साली भारतात आल्यानंतर तिथं भारतमातेची मूर्ती बसली. ताईनं एवढंच सांगितलं आणि खांबांवरचं कोरीव काम बघायला सांगितलं. वाटाड्यानं भांडण लावू नये, जे दिसतं आणि जे घडलं ते क्रमानं सांगावं.

हौदापाशी सांगितली ती महंमद तुघलकाची गोष्ट. 1327 साली त्यानं राजधानी दिल्लीहून इथं आणायची ठरवलं आणि देवगिरीचं नाव दौलताबाद झालं. हजार किलोमीटरहून जास्त वाट, बायामुलं, म्हातारी माणसं. त्यानं वाटेत मुक्कामाच्या सोयी केल्या होत्या, तरी कितीतरी लोक वाटेत खचले, असं त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. पुढं काही वर्षांनी परत दिल्लीला जायची मुभा दिली. ताई म्हणाली, "मुक्काम बांधून ठेवले म्हणून भागत नाही, चालणाऱ्याला कुठं बसावंसं वाटतं ते आधी बघावं लागतं." मावशी हसल्या. एप्रिल सगळ्यांनाच आठवला.

तिसरा थांबा चांद मिनार. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाच्या काळातला. आत चढायला सोडत नाहीत, म्हणून खालून बघायचा. थांबा छोटा, पाचच मिनिटं. सगळ्या ठिकाणी सारखा वेळ द्यायचा नाही. जिथं बसायला जागा आणि सावली आहे तिथं लांब गोष्ट, जिथं ऊन आहे तिथं दोन वाक्यं.

चौथा थांबा चिनी महाल. दारातून आत आलात की वाट थोडी चढती होते, म्हणून इथं पंधरा मिनिटं. भिंतीवर निळ्या चकाकत्या फरशांचे तुकडे अजून दिसतात, त्यावरून चिनी महाल नाव. 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं कैद केलं, आणि तो इथंच मरेपर्यंत राहिला. जवळच निजामशाही वाड्याचे अवशेष आहेत. तिथं बसून ताईनं जी गोष्ट सांगितली ती ऐकताना एक बाई हलली नाही.

सिंदखेडराजा आपल्या जालन्याला लागून. तिथले लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील. ते निजामशाहीत मोठे सरदार होते. 1629 च्या जुलैत त्यांना याच किल्ल्यावर दरबारात बोलावलं आणि दगा देऊन मारलं. बरोबर त्यांची मुलंही मारली गेली. म्हणजे जिजाऊंचं माहेर एका दिवसात रिकामं झालं. शिवराय जन्मले 19 फेब्रुवारी 1630 ला. मोजून बघा. वडील आणि भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. ताईनं प्रश्न विचारला नाही. कागदावर प्रश्न लिहिला होता, पण तिनं तो वाचला नाही. दोन मिनिटं सगळ्या गप्प बसल्या. कधी कधी तेच बरं असतं.

तिथून मेंढा तोफ. बुरजावर ठेवलेली, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, म्हणून मेंढा तोफ. तोफेवर औरंगजेबाचं नाव आहे, आणि तिला 'किला शिकन' म्हणजे किल्ला फोडणारी असंही म्हणतात. बुरुज उघड्यावर, ऊन लागतं. बघितली आणि उतरलो.

पाचवा थांबा खंदक. हाच तो पूल जिथं मावशी बसल्या होत्या. इथं मोठा विसावा, वीस मिनिटं, गूळ-शेंगदाणे आणि सरबत. खाली खोल खंदक, आणि समोर डोंगराचा कडा भिंतीसारखा सरळ तासून काढलेला, दीडशे फुटांच्या आसपास. घोरपडसुद्धा चढणार नाही असा. पुलाशिवाय पलीकडं जायला वाट नव्हती. इथली गोष्ट 1296 ची. अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामचंद्रदेवाचं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. राजा किल्ल्यात शिरला आणि दार लावलं. इथून पुढं नागमोडी रेघ, म्हणजे सांगितली जाणारी कथा: घाईत व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून वर नेली, आणि वेढा पडल्यावर पोती उघडली तर आत मीठ. कडा कुणाला चढता आला नाही, पण पोत्यांनी राजाला खाली आणलं. ताईचा प्रश्न, "तुमच्या पिशवीत काय आहे ते निघायच्या आधी कुणी उघडून बघितलं?" एकीनं पिशवी उघडली तर पाण्याची एक बाटली घरीच राहिली होती. शेजारणीनं तिला आपली दिली.

खंदकापाशीच ठरवायचं असतं कोण पुढं जाणार. आम्ही तीन खुणा ठेवल्या होत्या. विसाव्यात पाच मिनिटं बसूनही धाप खाली येत नसेल, डोकं दुखत असेल किंवा मळमळत असेल, गुडघा खाली बसताना कळ मारत असेल, तर पुढं जायचं नाही. आणि थांबायचं तर एकटीनं नाही, जोडीदारणीसह. तीन जणी थांबल्या आणि आणखी एक त्यांच्यासोबत राहिली. त्यांनी खाली झाडाखाली बसून जेवणाची तयारी करायची. मावशींची धाप पाच मिनिटांत उतरली होती. आम्ही त्यांना काही म्हणालो नाही. त्याच म्हणाल्या, "आता बघू बारादरीपर्यंत."

पुढं अंधेरी. डोंगराच्या पोटातून कोरलेली वळणावळणाची वाट. शत्रू इथं आला की त्याला डावं-उजवं कळू नये, म्हणून केलेली. आत काळोख, दगड गुळगुळीत, वटवाघळांचा वास आणि फडफड. इथं गोष्ट सांगायची नाही, गोष्ट आत शिरायच्या आधी सांगायची. आत फक्त तीन नियम: एक हात भिंतीला, दर तिसरीच्या हातात विजेरी आणि उजेड पायांवर, आणि पुढची थांबली तर थांबायचं, ढकलायचं नाही. ज्यांना अंधारात जीव घाबरतो त्यांना ते आधीच विचारून ठेवा, आणि अंधेरी टाळून जाण्याची वाट त्या दिवशी खुली आहे का ते खाली रखवालदाराला विचारा. बाहेर उजेडात आल्यावर शेपटाच्या बाईनं हाक दिली, "जोडीदारीण आहे का?" सगळ्यांनी हो म्हटलं. तेव्हाच पुढं.

सहावा थांबा गणपतीचं छोटं देऊळ. बसायला जागा, वारा येतो. इथून पुढच्या पायऱ्या रुंद पण अंगावर येणाऱ्या. पंच्याहत्तर मोजायच्या आणि उभं राहायचं. मोजायचं काम पोरींना दिलं. त्या मोठ्यानं मोजायच्या, त्यामुळं त्यांनाही पळता आलं नाही. सव्वाबाराला बारादरी. मोगल काळातली, कमानीची, उघडी इमारत, चहूकडून वारा. मावशी कमानीत बसल्या आणि खाली बघितलं. चांद मिनार बोटाएवढा दिसत होता.

सातवी गोष्ट तिथं सांगितली, कारण तिथंच सगळ्या एकत्र होत्या. जनार्दनस्वामी सोळाव्या शतकात या किल्ल्याचे किल्लेदार होते. पैठणचे एकनाथ लहान वयात घरून निघून पायी इथं आले आणि गुरूंपाशी राहिले. पुढची नागमोडी रेघ. गुरूंनी हिशेबाचं काम दिलं होतं. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर मोठी चूक सापडल्यावर केवढा होईल. आमच्या गटाची खजिनदार म्हणाली, "मला तर अडीच रुपयांसाठी दोन रात्री झोप नव्हती, मला कुणी गुरू भेटला नाही." सगळ्या खो-खो हसल्या.

गुहा बारादरीच्या वर आहे. साडेबारा झाले होते. मावशी उठल्या, दोन पायऱ्या चढल्या, गुडघ्याला हात लावला आणि परत कमानीत येऊन बसल्या. आम्ही म्हणालो, हात धरतो, वेळ आहे. त्या म्हणाल्या, "चढेन गं मी. पण उतरायचंय मलाच." त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि पोरींच्या हातात दिला. दहा जणी वर गेल्या, गुहेत नारळ ठेवला, माथ्यावरच्या तोफा बघितल्या, आणि एकला दहा कमी असताना बारादरीत परत आल्या. एक वाजता सगळी ओळ खाली वळली.

उतरताना मावशी पुन्हा दुसऱ्या नंबरावर. उंच पायरीला आडवं वळून, आधी चांगला पाय तिथंच ठेवून दुखरा पाय खाली, असं उतरायचं. अंधेरीत वर येणारी शाळेची मुलं भेटली, त्यांना जाऊ दिलं. अडीचला खाली. झाडाखाली पिठलं, भाकरी, ठेचा मांडून चौघी वाट बघत होत्या. दिवे लागायच्या वेळेला घरी.

चुका यावेळीही झाल्या. सात कागद जास्त झाले. खंदकाच्या आधीचे दोन थांबे कमी करून तो वेळ बारादरीला द्यायला हवा होता. विजेऱ्या सहा नेल्या, त्यातल्या दोन पेटल्याच नाहीत. आणि खाली थांबलेल्या चौघींना गोष्टी ऐकायला मिळाल्या नाहीत, हे आम्हाला जेवताना सुचलं. त्यांच्यासाठी ताईनं जिजाऊंच्या माहेराची आणि एका पैची, अशा दोन गोष्टी गाडीत पुन्हा सांगितल्या. पुढच्या वेळी खाली थांबणाऱ्यांसाठी दुसरी वाटाडी असेल, आणि त्यांचा रस्ता चांद मिनार, हौद, चिनी महाल असा सपाटीचा वेगळा आखलेला असेल. तोही पुरा रस्ताच आहे, अर्धवट राहिलेला नाही.

पुढच्या डिसेंबरला पैठणला जाणार आहोत. नाथांचा वाडा, समाधी, नदीकाठ. रस्ता सपाट आहे, पायऱ्या घाटाच्याच. मावशी म्हणाल्या, तिथं मी पहिल्या नंबरावर चालते.